विचारपूस लिहून ठेवावी का?

आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अयोध्याकांड, सर्ग दुसरा

मंडळी, आजच्या सर्गात तसं पाहिलं तर फारसं काही घडत नाही. दशरथ भर सभेत सांगतो की रामाला युवराज करायचं माझ्या मनात आहे. सभा लगेच आनंदाने हो म्हणते. मग राजा थोडा खोदून विचारतो, अरे, मी नीट राज्य करत असताना तुम्हाला राम एवढ्या घाईने का हवाय? त्यावर लोक रामाचे गुण सांगू लागतात. शूर आहे, खरं बोलणारा आहे, धर्म जाणणारा आहे. हे सगळं अपेक्षितच.

पण मध्येच एक गोष्ट येते आणि मी दरवेळी तिथे थांबतो. लोक सांगतात की राम लढाईवरून परत येतो, हत्तीवरून येवो नाहीतर रथातून, आणि आल्यावर नगरातल्या माणसांची घरच्यासारखी चौकशी करतो. मुलं कशी आहेत, बायको कशी आहे, घरचे अग्नी नीट चालू आहेत ना, नोकरचाकर आणि शिष्य बरे आहेत ना. मोघम नाही, सगळं आणि क्रमाने. बाप पोटच्या मुलांना विचारतो तसं. ब्राह्मणांना तर तो विचारतो की तुमचे शिष्य तुमची सेवा नीट करतात ना.

जरा विचार करा. राजपुत्र लढाई करून आलाय, अंगावर धूळ आहे, आणि तो कुणाच्या तरी घरच्या अग्निहोत्राबद्दल विचारतोय. (आजच्या भाषेत बहुतेक ‘सिलिंडर आला का?’ असं झालं असतं.) आणि हे रामाने स्वतः सांगितलेलं नाही, कवीनेही आपल्या तोंडून सांगितलेलं नाही. ज्यांना विचारलं गेलं होतं, त्यांनीच ते लक्षात ठेवलं आणि राजाला सांगितलं.

इथे मला एक प्रश्न पडतो आणि आज तोच लिहायचाय. रामाच्या लक्षात राहायचं, ठीक आहे. आपल्या राहत नाही. मग मित्राची परीक्षा, मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन हे सगळं फोनमध्ये लिहून ठेवलं आणि रिमाइंडर वाजल्यावर विचारलं, तर ती विचारपूस खरी की खोटी?

माझ्या घरात हा प्रश्न आधी एका वहीतून आला.

मलकापूरला बाबांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. जूनमध्ये पेरणीला माल उधारीवर जायचा आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस विकला गेला की पैसे यायचे. लहानपणी मी गल्ल्यापाशी बसायचो. दाताळ्याहून, उमाळीहून माणसं यायची आणि बाबा पोत्याकडे बोट दाखवायच्या आधी विचारायचे, “काकू कशी हाये आता? पट्टी काढली का डोळ्याची?” किंवा, “पोरीचा बारावीचा निकाल लागला म्हणे, काय झालं?” समोरचा माणूस एकदम सैल व्हायचा. डोक्यावरचं उपरणं काढून बाकावर बसायचा. मला वाटायचं, बाबांची स्मरणशक्ती भारी आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी त्यांचा हिशोब कॉम्प्युटरवर चढवायला बसलो. उधारीची वही उलटी धरली तर मागच्या पानांवर वेगळीच यादी. ‘दाताळा – काकू – डोळा – दिवाळीनंतर.’ ‘उमाळी – मुलगी – बारावी – मे अखेर.’ काही ओळी खोडलेल्या, काहींपुढे फक्त टिंब. मला खरंच वाईट वाटलं. म्हणजे हे सगळं पाठ करून म्हटलेलं? मी तसं त्यांना बोललोही. बाबा म्हणाले, “लक्षात राहत नाही म्हणून तर लिहितो. मग उधारी लिहून ठेवतो, ती काय खोटी असते?”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज वाटतं, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. अर्ध्याकडे मी शेवटी येतो.

बरोबर असलेला अर्धा भाग असा. मित्र बोलत असतो तेव्हा त्याची गोष्ट आपल्याला मनापासून लागते. सहा आठवड्यांनी ती आठवायला काहीही कारण समोर नसतं. त्याच्या आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट बुधवारी येणार आहे, हे बुधवारी सकाळी आपल्या टेबलावर कुठेही लिहिलेलं नसतं. समोर असतं ते रिलीज आणि नऊची मीटिंग. मानसशास्त्रात याला वेगळी स्मृती मानतात, झालेलं आठवण्याची नव्हे तर पुढे करायचं ते वेळेवर आठवण्याची. ती बिचारी जवळजवळ सगळ्यांचीच कच्ची असते. आपण प्रेम विसरत नाही, वार विसरतो. वार कागदाला सांभाळू द्यायला काय हरकत आहे?

एवढं पटल्यावर मी, इंजिनिअर असल्यामुळे, पुढची चूक केली.

माझा एक मित्र पुण्यात राहून एमपीएससी करायचा. राज्यसेवा पूर्व परीक्षा कोरोनामुळे आधीच पुन्हापुन्हा पुढे गेली होती आणि शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली होती. मी तेव्हा मित्रांच्या तारखा एका शीटमध्ये भरून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मेसेज आपोआप जायचा. वाढदिवसांना छान चाललं होतं. ११ मार्चला परीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रोडवर मुलं रस्त्यावर उतरली. त्यात तोही होता. मी त्या आठवड्यात एका डिलिव्हरीत बुडालेलो. आणि १४ तारखेला संध्याकाळी सहाला माझ्या नावाने त्याला मेसेज गेला, ‘पेपर कसा गेला?’

त्याचा फोन आला. “पेपरच नाही झाला बे. तू बातम्या पाहत नाही का?” थोडं थांबून म्हणाला, “का दुसरंच कोणी पाठवते तुझे मेसेज?”

परीक्षा २१ मार्चला झाली. त्या दिवशी मी स्वतः फोन केला, पण तो तोडून बोलला आणि ते साहजिकच होतं. स्क्रिप्ट त्याच रात्री उडवली.

तर फरक कुठे पडला? बाबांच्या वहीतही तारीख होती, माझ्या शीटमध्येही तारीख होती. पण वही बाबांना फक्त आठवण करून द्यायची. विचारायच्या आधी ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे. माझ्या स्क्रिप्टने आठवण आणि विचारणं दोन्ही एकत्र उरकलं, आणि मधली जागा, जिथे मी एकदा तरी त्याचा विचार केला असता, तीच काढून टाकली. तेव्हापासून माझा नियम एवढाच आहे की रिमाइंडर मला येईल, मित्राला नाही. आणि तो वाजला की आधी दोन मिनिटं बघायचं, मध्ये काय घडलंय. परीक्षा झाली का? निकाल लागून गेला का? त्याने स्वतः कुठे काही टाकलंय का?

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती मी एका आजारातून शिकलो. मित्राच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

शाळेपासूनचा मित्र, मलकापूरलाच असतो. मागे एका जुलैमध्ये त्याचा खोकला महिनाभर थांबेना, संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरलेलं. थुंकीची तपासणी झाली आणि फुप्फुसाचा टीबी निघाला. त्याने घरात भावाला सांगितलं आणि बाहेर फक्त मला. लग्नाचं बघणं चालू होतं, त्यामुळे गावात कळायला नको होतं.

मी फोनमध्ये लिहिलं, ‘टीबी – विचारणे.’ पहिले दोन आठवडे रोज विचारलं. मग महिनाभरात तो बरा वाटू लागला, खोकला गेला, वजन वाढलं, आणि मी ती नोंद खोडणार होतो. त्याआधी सहज उपचाराबद्दल नीट वाचलं आणि नोंद खोडायचं थांबवलं.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन औषधं, रोज. पण माणसाला बरं वाटू लागतं ते बरेचदा पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणजे शरीर ‘झालं’ म्हणतं तेव्हा काम निम्मंसुद्धा झालेलं नसतं. जंतू थोडे उरलेले असतात, आणि गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटू शकतो, औषधांना दाद न देणारा होऊन उलटू शकतो. दुसरीकडे गोळ्यांचा त्रास मात्र चालूच असतो. पोटात जळजळ, मळमळ. एका औषधाने लघवी केशरी होते, ते कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो.

म्हणजे बघा, लोक विचारतात ते पहिल्या पंधरा दिवसांत, तेव्हा पेशंट घाबरलेला असतो आणि गोळ्या स्वतःहून घेत असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणीच विचारत नाही, आणि गोळ्या तेव्हाच सुटतात. विचारपुशीची गरज आणि विचारपुशीची गर्दी यांचे महिनेच वेगळे.

मग मी नोंदी बदलल्या. दोन महिने संपतात तेव्हा थुंकीची परत तपासणी असते, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी एक. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये दर दहा-बारा दिवसांनी एक. उपचार संपताना परत तपासणी, म्हणून जानेवारीत एक. आणि प्रत्येक नोंदीपुढे त्याने मागच्या वेळी सांगितलेली एक बारीक गोष्ट लिहिली. ‘सकाळी उपाशीपोटी घेतल्यावर जळजळते.’ ‘आईला गोळ्या दिसू नयेत म्हणून दुकानात ठेवतो.’

ऑक्टोबरच्या मध्यावर फोन केला. आधी मी सरळ विचारलं होतं, “गोळ्या चालू आहेत ना?” या प्रश्नाला एकच उत्तर असतं, हो. आपण पोलीस झालो की समोरचा आपोआप बरोबर उत्तर देतो. मग मला नोंद दिसली आणि मी म्हणालो, “जळजळ होते म्हणाला होतास सकाळी. ते कमी झालं का?” पलीकडे शांतता. मग म्हणाला, “खरं सांगू का, चार दिवस झाले घेतल्याच नाहीत. आता बरं तर हाये मले.”

मी त्याला भाषण दिलं नाही, द्यावंसं वाटलं तरी. म्हटलं, जळजळीचं डॉक्टरला सांगितलंस का? नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. पोटासाठी औषध मिळालं, गोळ्या घेण्याची वेळ बदलून दिली, चुकलेले दिवस शेवटी भरून काढायचं ठरलं. माझं काम एवढंच होतं की जळजळ ही एक गोष्ट लक्षात ठेवणं. ‘टीबी कसा आहे?’ असं विचारलं असतं तर ती बाहेर आली नसती.

प्रत्येक गोष्टीचं असं स्वतःचं पंचांग असतं आणि ते माहीत करून घ्यावं लागतं. डेंग्यूत ताप उतरला की आपण ‘सुटला’ म्हणतो, पण ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त असं काही असेल तर लगेच दवाखाना. म्हणजे फोन ताप असताना करा आणि उतरल्यावरही करा. नीटचं उलटं. परीक्षेच्या संध्याकाळी दहा जण विचारतात आणि मुलगी उत्तरपत्रिका ताडून आधीच रडत असते. निकालानंतर प्रवेशाच्या फेऱ्या चालतात, पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्यात नाही, त्या आठवड्यांत तिला कुणी विचारत नाही. विचारायचं तर तेव्हा. तेही ‘कुठे लागला नंबर?’ असं नको. ‘पुढची यादी कधी आहे?’ हे बरं. त्यात तिला उत्तर देता येतं.

बरं, ही काळजी चुकते कुठे, तेही सांगतो, कारण मी दोन्हीकडे पडलोय. एकदा ग्रुपवर मी एका मैत्रिणीला तिच्या आईच्या रिपोर्टबद्दल विचारलं. तिने ते मला एकट्याला सांगितलं होतं. तिने ग्रुपवर ‘ठीक’ एवढंच लिहिलं आणि नंतर मला कधीच काही सांगितलं नाही. गोष्ट ज्या दाराने आली त्याच दाराने विचारायची, हे मला तिच्याकडून कळलं, उशिरा. म्हणून आता नोंदीत तारखेच्या आधी ‘कुणाला माहीत आहे’ हे लिहितो. टीबीवाल्या मित्राच्या नोंदीत तर आजाराचं नावही नाही, फक्त ‘जळजळ’. फोन कुणाच्याही हातात जातो.

आणि काही जणांना विचारलेलंच नको असतं. एक सहकारी मला म्हणाला होता, “तू दर सोमवारी बाबांच्या तब्येतीचं विचारतोस ना, तर रविवार रात्रीपासून मला त्याचं टेन्शन येतं.” मी थांबलो. त्याला लागलं तर तो बोलेल. ओळखायचं कसं? उत्तरं लहान होत जातात आणि उलट प्रश्न येणं बंद होतं. तसं दोनदा झालं की आपण विषय सोडायचा, माणूस नाही.

आता बाबांचा दुसरा अर्धा भाग.

मागच्या दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी गेलो तेव्हा ती जुनी वही मी माळ्यावरून काढली आणि बाबांना एक अवघड प्रश्न विचारला. जे गिऱ्हाईक आपल्याला सोडून दुसऱ्या दुकानात जायला लागले, त्यांचंही लिहायचे का? बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, “नाही लिहिलं. आलाच नाही तर विचारू कुठं?” मग थोड्या वेळाने, “धंदा होता रे तो. विचारलं की माणूस टिकते.”

हे ऐकून मी परत त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलासारखा झालो. म्हणजे फायद्यासाठीच ना? आणि मग रामाचं काय? तोही ज्यांना विचारतो त्यांच्यावर उद्या राज्य करणार आहे. त्याच विचारपुशीमुळे सभा त्याच्या बाजूने उभी राहते.

मी बाबांना विचारलं, त्या दाताळ्याच्या काकूच्या डोळ्याचं पुढे काय झालं? ते त्यांना वही न बघता आठवत होतं. ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्यांदा जावं लागलं. त्या वर्षी काकांनी दिवाळीला एक रुपया दिला नाही आणि बाबांनी मागितला नाही. पुढच्या जूनला परत बियाणं दिलं. आई तेव्हा चिडली होती, तेही मला अंधुक आठवतं, कारण त्या वर्षी माझी सायकल आली नाही.

सर्गातही चौकशीच्या मागोमाग लोक हेच सांगतात. माणसांवर संकट आलं की तो फार दुःखी होतो, आणि त्यांच्या सणात बापासारखा आनंदी होतो. विचारणं तिथे एकटं येत नाही. मला वाटतं, खरं-खोटं ठरतं ते इथे. आठवण डोक्यातून आली की वहीतून, यावर नाही. विचारण्यात आपला फायदा होता की नव्हता, यावरही पूर्ण नाही. ‘कसा आहे डोळा?’ असं विचारल्यावर ‘वाईट आहे’ हे उत्तर आलं तर आपण किती वेळ बाकावर बसून राहतो आणि त्या वर्षीची उधारी सोडतो का, यावर. ते द्यायची तयारी नसेल त्या दिवशी मी रिमाइंडर उद्यावर ढकलतो. पाच मिनिटांनी मीटिंग असताना कुणाच्या आईच्या केमोबद्दल विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण समोरचा बोलायला लागतो आणि आपण घड्याळ बघतो.

पण एक कबूल करायला हवं. सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांची पानं कोरी आहेत, हे मला अजून खुपतं. माझ्या यादीतही तसंच झालंय. कंपनी सोडून गेलेले, ग्रुपमधून बाहेर पडलेले, ज्यांच्याशी आता काही काम नाही, त्यांच्या नोंदी हळूहळू संपल्या. मी खोडल्या नाहीत, नवीन लिहिल्या नाहीत एवढंच. १४ मार्चवाला मित्र त्यातलाच. त्याने नंतर परीक्षा सोडली, आता जळगावकडे कुठेतरी नोकरी करतो. त्याला शेवटचं मी केव्हा विचारलं, हे शोधायला मला शीट उघडावी लागली.

टीबीवाल्या मित्राचे सहा महिने जानेवारीत संपले, वर चुकलेले चार दिवस. शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. मी विचारायच्या आधी त्याचाच फोन आला, आणि पहिलं वाक्य रिपोर्टचं नव्हतं. “तुझ्या त्या रिलीजचं काय झालं, बावीस तारखेच्या?” मी त्याला ती तारीख नोव्हेंबरमध्ये कधीतरी बोलता बोलता सांगितली होती.

जळगाववाल्याला आज रात्री साडेआठनंतर फोन करणार आहे. काय विचारायचं ते ठरलेलं नाही.